आर-स्क्वेअर ०.९४ आलाय तरी रेषा चुकीची: टॉवेल सुकवण्याच्या आकड्यांवर रेसिड्युअल प्लॉट

प्रश्न: सर, मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल युनिटला क्वालिटीत आहे. हायड्रो मशीनमध्ये पिळून काढलेला टॉवेल हॉलमध्ये लटकवला आणि दर १० मिनिटांनी वजन घेतलं. बोन ड्राय, म्हणजे पूर्ण कोरडं, वजन ४०० ग्रॅम, ते वजा करून उरलेलं पाणी (० ते ९० मिनिटं): २२१, १८४, १५७, १३१, ११४, ९६, ८३, ७४, ६४, ५७ ग्रॅम. एक्सेलमध्ये सरळ रेषा टाकली, आर-स्क्वेअर ०.९४ आला. आम्हाला ८ टक्के ओलाव्याला टॉवेल उतरवायचाय, रेषेनं त्याला ९४ मिनिटं येतात, पण तेवढ्या वेळानं उतरवलेले टॉवेल हाताला ओले लागतायत. मित्र म्हणाला रेसिड्युअल प्लॉट बघ, तो काढला तर यू सारखं दिसतंय. आर-स्क्वेअर एवढा चांगला असताना रेषा चुकीची कशी? आणि आता करू काय? (रात्रभर त्याच हॉलमध्ये राहिलेला टॉवेल ४२४ ग्रॅम भरतो.)

उत्तर:

मित्राचं बरोबर आहे आणि तुम्हाला दिसलेला यू खराच आहे. पाणी काय एकसारख्या वेगानं उडत नाहीये, रेषेनं मात्र ते तसंच उडतंय असं धरलंय, सगळी गोची तिथं आहे.

प्लॉटकडे जायच्या आधी साधी वजाबाकी करून बघा, दर दहा मिनिटाला किती पाणी गेलं. पहिल्या दहा मिनिटात ३७ ग्रॅम, मग २७, २६, १७, १८, १३, ९, १० आणि शेवटच्या दहा मिनिटात फक्त ७. आता तुमच्या रेषेचा स्लोप बघा, मिनिटाला १.७५ ग्रॅम, म्हणजे दहा मिनिटाला साधारण साडेसतरा. रेषा म्हणते पहिल्या दहा मिनिटातही साडेसतरा आणि शेवटच्या दहा मिनिटातही साडेसतराच. खरं तर सुरुवातीला त्याच्या दुप्पट पाणी जातंय आणि शेवटी निम्म्याहून कमी. हाच फरक रेसिड्युअल प्लॉट डोळ्यासमोर मोठा करून ठेवतो, दुसरं काही तो करत नाही, पण तेवढंच लई कामाचं असतं.

रेसिड्युअल म्हणजे काट्यावरचं रीडिंग वजा रेषेनं सांगितलेला आकडा. तुमची रेषा अशी आहे: पाणी = १९७ − १.७५३ × मिनिटं. शून्य मिनिटाला रेषा १९७ सांगते, काटा २२१, म्हणून रेसिड्युअल अधिक २४. तिसाव्या मिनिटाला रेषा १४४.४, काटा १३१, म्हणून उणे १३.४. नव्वदाव्या मिनिटाला रेषा ३९.२ आणि काटा ५७, परत अधिक १७.८. सगळे ओळीनं लिहिले तर असं येतं: +२४.०, +४.५, −४.९, −१३.४, −१२.९, −१३.३, −८.८, −०.३, +७.३, +१७.८. चिन्हं बघा, दोन अधिक, मग सलग सहा उणे, मग परत दोन अधिक. दोन्ही टोकांना टॉवेल रेषेपेक्षा ओला आहे आणि मधल्या काळात रेषेपेक्षा सुका. तुम्हाला टॉवेल शेवटच्या टोकाला उतरवायचाय, नेमकं जिथं रेषा पाणी कमी सांगते तिथं, म्हणून हाताला ओलं लागतंय.

एक गोष्ट इथं ध्यानात ठेवा, कारण बरेच जण यात फसतात. या दहा रेसिड्युअलची बेरीज शून्य येते, करून बघा. ती प्रत्येक वेळी शून्यच येणार, रेषा चांगली असो की वाईट, कारण लीस्ट स्क्वेअर्सनं रेषा काढायची पद्धतच तशी आहे की वरचं आणि खालचं एकमेकांना खाऊन टाकतं. तसंच रेसिड्युअल आणि वेळ यांचं कोरिलेशनही शून्यच येणार. त्यामुळं "रेसिड्युअलची सरासरी शून्य आहे म्हणजे मॉडेल ठीक आहे" असं कुणी म्हटलं तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. बघायचा तो आकार. रेषा खरंच बसली असेल तर शून्याच्या वरखाली टिंबं अशी विस्कटलेली पाहिजेत की पुढचं टिंब वर येईल की खाली याचा अंदाज तुम्हाला लावता येऊ नये. तुमच्या प्लॉटमध्ये तो अंदाज कुणीही लावेल.

आता आर-स्क्वेअरचं. आर-स्क्वेअर तुमच्या रेषेची तुलना कशाशी करतो? एका आडव्या रेषेशी, जी सगळ्या वेळेला सरासरीच सांगते, तुमच्याकडं ११८ ग्रॅम. पाणी २२१ वरून ५७ वर उतरलंय, मग कुठलीही उतरती रेषा त्या आडव्या रेषेपेक्षा कितीतरी बरी दिसणारच. ०.९४ चा अर्थ एवढाच की पाण्याच्या चढउतारातला ९४ टक्के भाग "वेळ जातो तसं पाणी कमी होतं" या गोष्टीनं भरून निघाला. ते सरळ रेषेत कमी होतं की वक्र होत जातं, हे त्यानं तपासलेलंच नाही. उरलेला ६ टक्के भाग निव्वळ गडबडीचा आहे की त्यात काही शिस्त लपलीय, हेही तो सांगत नाही. अॅन्सकोम्ब नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं १९७३ साली चार छोटे डेटा सेट बनवून हेच दाखवलं होतं, चौघांची रेषा एकच, आर-स्क्वेअर एकच ०.६७, आणि त्यातला एक तर सरळसरळ वक्र होता.

माझ्या मते तुमच्या केसमध्ये सगळ्यात पक्का पुरावा आर-स्क्वेअरमध्येही नाही आणि यू मध्येही नाही, तो तुमच्या काट्यात आहे. काटा एका ग्रॅमपर्यंत दाखवत असणार, तुमची सगळी रीडिंग पूर्ण ग्रॅममध्ये आहेत. वाऱ्यानं टॉवेल हलला, उचलताना दोन थेंब पडले, असं धरून दोनतीन ग्रॅमची चूक समजू. एक्सेलच्या Regression रिपोर्टमध्ये Standard Error म्हणून आकडा येतो तो बघा, तुमच्याकडं तो १४ ग्रॅमच्या आसपास येईल. एक ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर १४ ग्रॅमची गडबड आली कुठून? काट्यातून तर नाही. मग ती मॉडेलमधूनच आलीय. ज्याच्याकडं मोजमाप किती अचूक आहे याचा अंदाज असतो त्यानं हा एक आकडा आधी बघावा, बऱ्याच वेळेला प्लॉट काढायच्या आधीच कळून जातं.

प्लॉट काढायची रीत पण सांगतो, कारण चुकीचा प्लॉट काढला तर यू दिसतच नाही किंवा नसलेलं काहीतरी दिसतं. एक्सेलमध्ये ग्राफवर जी ट्रेंडलाइन टाकता तिच्यातून रेसिड्युअल मिळत नाहीत. Data टॅबमध्ये Data Analysis मध्ये Regression उघडा, त्यात Residuals आणि Residual Plots ला टिक करा. Data Analysis दिसत नसेल तर Analysis ToolPak हे अॅड-इन चालू करावं लागतं. नाहीतर हातानं करा, मिनिटं A कॉलममध्ये आणि पाणी B मध्ये असेल तर C2 मध्ये हे टाकून खाली ओढा:

```
=B2-FORECAST.LINEAR(A2,$B$2:$B$11,$A$2:$A$11)
```

मग A आणि C चा स्कॅटर काढा. मूळ ग्राफवर २० ग्रॅमचा फरक २२१ च्या स्केलमध्ये दबून जातो, टिंबं रेषेला चिकटूनच आहेत असं वाटतं. रेसिड्युअलच्या प्लॉटमध्ये उभा अक्ष फक्त −१५ ते +२५ एवढाच राहतो, म्हणून वक्रता उठून दिसते.

आडव्या अक्षावर वेळ घ्या किंवा रेषेनं सांगितलेला आकडा घ्या, दोन्ही चालतं. तुमची रेषा उतरती आहे म्हणून दुसऱ्या प्रकारात चित्र डावीउजवीकडून उलटं होईल, सुरुवातीचा टॉवेल उजव्या टोकाला जाईल आणि सुकलेला डाव्या, त्यानं गोंधळू नका. पण आडव्या अक्षावर काट्यावरचं खरं रीडिंग कधीच घेऊ नका. रेसिड्युअल हा त्या रीडिंगचाच एक तुकडा आहे, त्यामुळं अगदी बरोबर मॉडेलमध्येही टिंबं चढत गेलेली दिसतात. तो चढ बरोबर १ वजा आर-स्क्वेअर एवढा असतो. तुमच्याकडं ०.०६ म्हणजे जाणवणार नाही, पण ज्याचा आर-स्क्वेअर ०.३ आहे त्याला ०.७ चा खडा चढ दिसतो आणि तो बिचारा नसलेला रोग शोधत बसतो.

आता कुणी म्हणेल दहाच टिंबं आहेत, योगायोगानं पण यू येऊ शकतो. शंका रास्त आहे, आपल्या डोळ्याला आकार शोधायची खोडच असते, दहा टिंबांत काहीही दिसतं. यावर मला आवडणारी तपासणी अशी की तुमचीच रेषा खरी आहे असं धरून कॉम्प्युटरकडून १९ खोटे डेटा बनवून घ्यायचे, प्रत्येकाचा रेसिड्युअल प्लॉट काढायचा, त्यात तुमचा खरा प्लॉट कुठंतरी लपवायचा आणि ज्यानं आधी डेटा बघितला नाही अशा माणसाला विचारायचं, यातला वेगळा कुठला? आर या सॉफ्टवेअरमध्ये एवढंच लागतं:

```r
vel  <- seq(0, 90, by = 10)
pani <- c(221,184,157,131,114,96,83,74,64,57)
m1   <- lm(pani ~ vel)
par(mfrow = c(4, 5), mar = c(2, 2, 1, 1))
khara <- sample(20, 1)
for (i in 1:20) {
  y <- if (i == khara) pani else simulate(m1)[[1]]
  plot(vel, resid(lm(y ~ vel)), main = i)
  abline(h = 0, lty = 2)
}
```

शेजारच्या टेबलवरच्या माणसाला बोलवा, त्यानं नंबर सांगितल्यावर khara छापून बघा. योगायोगानं बरोबर सांगायची शक्यता वीसात एक, म्हणजे ५ टक्के. तुमचा यू इतका स्वच्छ आहे की बहुतेक पहिल्याच नजरेत सापडेल. आणि ज्या डेटात लोकांना सापडत नाही, तिथं मग वक्रतेच्या गोष्टी सांगत बसू नये, रेषा ठेवावी.

यू खरा ठरला की पुढचा प्रश्न, रेषेच्या जागी काय. इथं एक्सेलवाल्यांचा हात आपोआप Polynomial कडं जातो, ऑर्डर २. लावून बघितलं तर आर-स्क्वेअर ०.९९८ येतो, लोक खूष होतात. पण रेसिड्युअल काढा: +३.५, −२.३, −१.५, −३.२, +०.८, +०.३, +१.५, +३.२, +०.४, −२.७. आकडे लहान झाले हे खरं, पण चिन्हं बघा, एक अधिक, तीन उणे, पाच अधिक, एक उणे. यू जाऊन झोपलेला एस आलाय. आणि त्याहून वाईट म्हणजे हा पॅराबोला ९६ व्या मिनिटाच्या आसपास तळ गाठून वर वळतो. दोन तासाला तो ६९ ग्रॅम पाणी सांगतो, आणि तुमचा काटा नव्वदाव्या मिनिटालाच ५७ वर आलेला. लटकवलेला टॉवेल परत ओला होत जातो असं हे मॉडेल म्हणतंय. शिवाय त्याचा तळ ५९ ग्रॅमवरच आहे, म्हणजे तुमचा ८ टक्के ओलावा, ३२ ग्रॅम, त्याच्या हिशोबानं कधी येणारच नाही. वर्गपद टाकून यू झाकता येतो, पण पाणी का कमी कमी वेगानं जातं याचं उत्तर त्यात नाही.

ते कारण साधं आहे. टॉवेलमध्ये जास्तीचं पाणी जेवढं जास्त तेवढं ते भराभर जातं, आणि जसं कमी राहतं तसा वेग मंदावतो, कारण उरलेलं पाणी धाग्याच्या आत असतं आणि बाहेर यायला वेळ घेतं. अशा ठिकाणी दर दहा मिनिटाला ठराविक ग्रॅम जात नाहीत, ठराविक टक्के जातात. तसं असेल तर पाण्याचा लॉग घेतल्यावर सरळ रेषा मिळायला पाहिजे. घेऊन बघा, =LN(B2), आणि त्याच्यावर परत रेषा.

आर-स्क्वेअर आता ०.९९६. आधी ०.९४ होता, आता ०.९९६, कुणीही इथं थांबेल. पण आपण परत रेसिड्युअल काढायचे, हीच शिस्त महत्त्वाची आहे, मॉडेल बदललं की प्लॉट नवा. लॉगच्या रेषेचे रेसिड्युअल असे आले: +०.०४२, +०.०१०, +०.००२, −०.०२८, −०.०१६, −०.०३७, −०.०३२, +०.००४, +०.०१०, +०.०४५. परत यू. आधीच्यापेक्षा उथळ, पण यूच. लॉगमध्ये ०.०४५ म्हणजे साधारण साडेचार टक्के, शेवटच्या रीडिंगला लॉगची रेषा जवळपास अडीच ग्रॅम कमी सांगतेय, आणि ती कमी सांगायची सवय पुढं वाढतच जाणार.

हा दुसरा यू मला पहिल्यापेक्षा जास्त बोलका वाटतो. लॉगची रेषा गृहीत धरते की पाणी शेवटी शून्यावर जाईल. सुती टॉवेल शून्यावर जातो का? तुम्हीच कंसात लिहिलंय की रात्रभर हॉलमध्ये राहिलेला टॉवेल ४२४ भरतो. बोन ड्राय ४००, म्हणजे २४ ग्रॅम पाणी कापूस हवेतून धरून बसतोच, किती का लटकवा. कापसाचा हा स्वभाव सूत घेणाऱ्याविकणाऱ्या सगळ्यांना माहीत असतो, व्यापारात कापसाचा रिगेन, म्हणजे कोरड्या वजनावर धरलेलं पाणी, ८.५ टक्के धरतात तो याचसाठी. मग उडून जाणारं पाणी म्हणजे काट्यावरचं पाणी वजा २४. त्या जास्तीच्या पाण्याचा लॉग घ्या, =LN(B2-24), आणि तिसऱ्यांदा रेषा टाका.

आता रेसिड्युअल: +०.००५, −०.००५, +०.००८, −०.०१२, +०.०१४, −०.०१२, −०.०१३, +०.०२०, −०.००५, +०.००१. चिन्हं वरखाली उड्या मारतायत, पुढचं कुठं पडेल सांगता येत नाही. परत ग्रॅममध्ये आणलं तर सगळे एकसव्वा ग्रॅमच्या आत आहेत, म्हणजे काट्याच्या चुकीएवढे. आपल्याला हवा होता तो प्लॉट हाच. मॉडेल झालं: पाणी = २४ + १९६ × e^(−०.०१९८ × मिनिटं). म्हणजे जास्तीच्या पाण्यातलं दर दहा मिनिटाला १८ टक्के जातं.

इथं एक धोका आहे. २४ हा आकडा मी प्लॉट छान दिसावा म्हणून निवडलेला नाही, तो तुम्ही वेगळ्या टॉवेलवर वेगळ्या वेळी मोजलेला आहे. तो नसता आणि मी १५, २०, २५, ३० असं करत यू जाईपर्यंत खेळत बसलो असतो, तर रेसिड्युअल सपाट यायचेच, पण त्याचा पुरावा म्हणून उपयोग कमी झाला असता. आर मध्ये nls हे फंक्शन वापरून तिन्ही आकडे एकदम काढता येतात, पण तुमचं मोजमाप ९० मिनिटालाच थांबलंय, तिथपर्यंत टॉवेल तळाजवळ पोचलेलाच नाही, त्यामुळं तळाचा आकडा डेटातून ढिलाच निघेल. रात्रभर ठेवलेल्या टॉवेलचं वजन त्यापेक्षा भक्कम आहे.

तिसऱ्या प्लॉटमध्ये आणखी एक बारीक गोष्ट आहे. उजवीकडं टिंबं जरा जास्त पसरल्यासारखी वाटतील, ०.०२० तिथंच आलाय. त्यात घाबरायचं काही नाही. एका ग्रॅमची चूक सुरुवातीच्या १९७ ग्रॅमवर अर्धा टक्का असते आणि शेवटच्या ३३ ग्रॅमवर तीन टक्के, लॉग घेतल्यावर ती चूक शेवटी फुगतेच. nls थेट ग्रॅमवर चालवलं तर हा प्रश्न येत नाही.

आता तुमच्या मूळ कामाचं, ३२ ग्रॅम पाणी कधी राहील? सरळ रेषा म्हणते ९४ मिनिटं. लॉगची रेषा म्हणते १२५ मिनिटं. तिसरं मॉडेल म्हणतं १६१ मिनिटं. तिसरं खरं धरलं तर ९४ व्या मिनिटाला टॉवेलमध्ये अजून ५४ ग्रॅम पाणी असतं, साडेतेरा टक्के, आणि तसला टॉवेल प्लास्टिकमध्ये पॅक केला तर कुबट वास आणि पुढं बुरशी ठरलेली. लॉगच्या १२५ मिनिटाला ४० ग्रॅम, १० टक्के, तेही चालणार नाही. आर-स्क्वेअर ०.९९६ असलेल्या मॉडेलनं पण तुम्हाला अर्ध्या तासापेक्षा जास्त आधी टॉवेल उतरवायला लावला असता, आणि ते त्याच्या रेसिड्युअलमध्ये आधीच दिसत होतं.

पण १६१ हा आकडा भिंतीवर लिहून टाकू नका. तुमची रीडिंग ९० मिनिटालाच संपतात आणि रेसिड्युअल प्लॉट फक्त मोजलेल्या पट्ट्यातलंच बोलतो, त्याच्या पुढं काय होईल याबद्दल तो गप्प असतो. उद्या एक टॉवेल लावून २०० मिनिटापर्यंत रीडिंग घ्या आणि ९० नंतरच्या रीडिंगमधून या मॉडेलचा आकडा वजा करा, मॉडेल परत न बसवता. १२० व्या मिनिटाला हे मॉडेल ४२ ग्रॅम सांगतं, लॉगची रेषा ३५ आणि सरळ रेषा उणे १३, म्हणजे पाणी शून्याच्याही खाली. एका वजनात तिघांचा निकाल लागेल.

दुसरं, ही दहा रीडिंग एकाच टॉवेलची आहेत. त्या टॉवेलचं पाइल जाड असेल किंवा तो पंख्याखाली असेल तर सगळीच रीडिंग त्याच बाजूला झुकतील आणि हे या प्लॉटमध्ये दिसायचं नाही, कारण तुलनेला दुसरा टॉवेलच नाही. रिपोर्टमधला पी-व्हॅल्यू आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल हे दहा स्वतंत्र मोजमापं धरून काढलेले असतात, त्यांच्यावर विसंबू नका. हॉलच्या वेगवेगळ्या कोपऱ्यातले पाचसहा टॉवेल घ्या, प्रत्येकाचे रेसिड्युअल वेगळ्या रंगात एकाच प्लॉटवर टाका. एखादा रंग सगळा शून्याच्या वर किंवा सगळा खाली राहिला तर तिथं फॉर्म्युल्यापेक्षा हॉलमधला वारा बघायची गरज आहे.

आणखी एक, हायड्रो कमी फिरवून निथळता ओला टॉवेल लावला तर सुरुवातीचा आकार वेगळा येईल. पृष्ठभाग पूर्ण ओला असेतो पाणी खरंच एकसारख्या वेगानं उडतं, म्हणजे पहिला तुकडा सरळ रेषेचा आणि नंतर वक्र. तेव्हा वरच्या तिसऱ्या मॉडेलच्या रेसिड्युअलमध्ये सुरुवातीचीच चारपाच टिंबं उलट्या यू सारखी वाकतील आणि मागची ठीक असतील. तसं दिसलं तर सुरुवातीचा तुकडा वेगळा काढा, सगळ्यांवर एकच फॉर्म्युला लादू नका.

शेवटचं हवामानाचं. २४ हा आकडा तुम्ही मोजलं त्या दिवसाच्या हवेचा आहे. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की तो आणखी खाली जाईल आणि टॉवेल लवकर उतरतील. पावसाळ्यात, झड लागलेली असताना, कापूस ८ टक्क्यांच्या वरच पाणी धरून बसतो, म्हणजे तळच ३२ च्या वर. तेव्हा टॉवेल रात्रभर लटकवा की दोन दिवस, हॉलमध्ये तो ८ टक्क्यावर येणार नाही, त्याला ड्रायरच लागेल. म्हणून रोज सकाळी रात्रभर राहिलेल्या एका टॉवेलचं वजन घेऊन रजिस्टरला टाका, बोन ड्राय वजा केल्यावर ते ३० च्या आसपास आलं की त्या दिवशी मिनिटांचा हिशोब न करता थेट ड्रायर लावा, आणि ते बदलेल तसा फॉर्म्युल्यातला २४ बदलून रेसिड्युअल परत काढा.